दिवस क्रमांक २०० म्हणजे नक्की कोणती तारीख?

मुरबाडच्या भातशेताची पावसाची नोंद तू दिवस क्रमांकाने ठेवतोयस, तर क्रमांकाशेजारी वर्ष लिहायला चुकू नकोस. गडबड तिथेच होते.

साध्या वर्षात जून संपेपर्यंत १८१ दिवस होतात. दिवस २०० मधून १८१ वजा केले की १९ उरतात, म्हणजे १९ जुलै. २०२३ साठी हे बरोबर. पण २०२४ लीप वर्ष होतं, त्यात जूनअखेर १८२ दिवस होतात, म्हणून तोच दिवस २०० म्हणजे १८ जुलै. फेब्रुवारीपर्यंत फरक पडत नाही, मार्चपासून एकाचा पडतो आणि आपला सगळा पावसाळा त्यातच येतो. मी दोन वर्षांच्या लावणीच्या तारखा लीप वर्ष न बघता जुळवल्या होत्या, नंतर अख्खी वही पुन्हा तपासावी लागली.

शीटमध्ये A2 मध्ये तारीख असेल तर पहिलं सूत्र क्रमांक देतं, दुसरं क्रमांकावरून तारीख:

```
=A2-DATE(YEAR(A2),1,0)
=DATE(2024,1,200)
```

पहिल्याचं उत्तर १९०० सालची तारीख म्हणून दिसलं तर सूत्र चुकलेलं नाही, त्या रकान्याचं फॉरमॅट नंबर कर.

यंत्रातून नोंद घेत असशील तर ३१ डिसेंबरचा क्रमांक बघ. २०२३ ला तो ३६४ आला, तर यंत्र शून्यापासून मोजतंय. प्रत्येक क्रमांकात एक मिळव.