फार्टलेक: ‘लेक’ म्हणजे तलाव नव्हे

प्रश्न: “आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपात दर गुरुवारी ‘उद्या फार्टलेक’ असा निरोप येतो. कुणी ‘फार्ट लेक’ असं तोडून लिहितं. हा शब्द कुठला? इंटरव्हल म्हणजेच फार्टलेक का? आणि मराठीत काय म्हणावं?”

शब्द स्वीडिश आहे. ‘फार्ट’ म्हणजे वेग आणि ‘लेक’ म्हणजे खेळ, म्हणून तोडून लिहू नका. तळं मध्येच उगवतं. इंग्रजीतल्या ज्या शब्दामुळे पोरं फिदीफिदी हसतात त्याच्याशीही याचं नातं नाही. स्वीडनचे प्रशिक्षक गोस्टा होल्मेर यांनी १९३०च्या दशकात ही पद्धत रुजवली. फिनलंडचे धावपटू तेव्हा स्वीडनला भारी पडत होते. होल्मेर यांनी आपल्या पोरांना ट्रॅकवरून काढून जंगलवाटांवर सोडलं, आणि कधी जोर लावायचा, कधी सैल व्हायचं हे बरंचसं त्यांच्यावरच ठेवलं.

इंटरव्हलशी फरक इथेच पडतो. इंटरव्हलमध्ये अंतर, वेळ आणि विश्रांती आधीच ठरलेली असते. फार्टलेकमध्ये पुढचा टप्पा तुमची नजर ठरवते आणि विश्रांती तुमचा श्वास. ‘आज फार्टलेक, ४००चे आठ’ असा निरोप आला तर ते इंटरव्हलच समजा.

मराठीत ‘वेगखेळ’ सुचवणारे आहेत. शब्द बरोबर आहे, पण सरकारी पाटीवरचा वाटतो. आपल्याकडे मराठवाड्यात धावतं कोण? आपण पळतो. म्हणून मी ‘खेळत पळणं’ म्हणतो, आणि त्याच ओढीनं ‘फार्टलेक केलं’ असं नपुंसकलिंगी लिहितो.

खरी गंमत पुढे आहे. या प्रकाराला घड्याळ लागत नाही, कारण त्याची मापं मराठीत एकाच शब्दात सापडतात: दम. दमानं पळणं म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल असं. दम लागणं म्हणजे दोन-तीन शब्दांवर बोलणं तुटेल असं. दम खाणं म्हणजे पुन्हा वाक्य जुळेपर्यंत सैल होणं. पण इथे ते उभं राहून नाही, दुडक्या चालीनं. चौथी पायरी दम तुटण्याची. तिथवर जायचंच नाही.

परभणीकडच्या आमच्या गावरस्त्यावर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पुतणीला मी हे असं शिकवलं. ती तेव्हा न थांबता अर्धा तास पळत होती, पण कायम एकाच चालीनं. पहिली दहा मिनिटं दमानं. मग विजेची डीपी दिसली की तिथून पुढच्या लिंबाच्या झाडापर्यंत जोर, साधारण अर्धा मिनिट. लिंबापासून दुडकी, बोलणं परत येईस्तोवर. मग ओढ्याच्या पुलापासून गावच्या कमानीपर्यंत. हा टप्पा मिनिटभराहून लांब, म्हणून जोर जरा कमी. असे सहा टप्पे, मधल्या दुडकीसकट बारा-पंधरा मिनिटांत. शेवटी पुन्हा दमानं घरी.

पहिल्या दिवशी तिनं डीपी ते लिंब असं काढलं की जणू शंभर मीटरची शर्यत. तिसऱ्या टप्प्याला हात गुडघ्यांवर! चूक ओळखायची खूण हीच: टप्पा संपल्यावर दुडकी जमत नाही, थांबावंच लागतं. शेवटचा टप्पा पहिल्याइतकाच झपाट्यानं निघायला हवा. पुढच्या आठवड्यात मी तिला एवढंच सांगितलं, “लिंबापाशी पोचल्यावर ‘काका, अजून एक’ म्हणता आलं पाहिजे.” जोर आपोआप बेतात आला.

तिनं दुसरी चूकही केली, विजेचे खांब मोजायची. ‘मागच्या आठवड्यात दोन खांबांना एवढे सेकंद, आज तेवढेच का?’ खांबांमधलं अंतर सगळीकडे सारखं नसतं, आणि परतीला वारा तोंडावर असला की तोच तुकडा जड जातो. जोर सारखा ठेवायचा, वेळ बदलली तर बदलू द्यायची. शेवटी मी तिचं घड्याळ बाहीखाली झाकायला लावलं.

नवख्यानं आठवड्यातून एकदाच करावं. सलग वीस मिनिटं दमानं पळता येत नसेल तर आधी तेवढं जमवावं. चैत्र-वैशाखात उजाडतानाच उरकावं. उन्हात तोच जोर दुप्पट वाटतो, तेव्हा टप्पे कमी करावेत. भरतीच्या ८०० मीटरला मात्र वेळ मोजतात, त्यामुळे परीक्षा जवळ आली की पुतणीला मैदानावर घड्याळ लावूनही पळावं लागलं. त्या दिवसाला ती फार्टलेक म्हणत नाही, ‘मोजणी’ म्हणते.