स्टॅबिलायझर का यूपीएस? आधी मीटर लावून बघा

प्रश्न: "औशाजवळ शेतातल्या वस्तीवर राहतो. लाईट सारखी जाते, व्होल्टेज पण वर-खाली होतं. डेस्कटॉपला स्टॅबिलायझर घेऊ का यूपीएस?"

लाईट जाते म्हटल्यावर यूपीएस लागणारच, कारण स्टॅबिलायझरमध्ये बॅटरी नसते. फक्त तेवढ्यावर भागेल का, हे मात्र तुमच्या सॉकेटवर अवलंबून आहे.

आमची वस्तीही डीपीपासून लांब, लाईनीच्या शेवटाला. मी 600 व्हीएचा यूपीएस आणला. सकाळी एकदम झकास चालायचा. पण थ्री फेज आली आणि शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की पीं-पीं करत दहा-बारा मिनिटांत बंद. बल्ब मात्र मिणमिणत का होईना, चालूच! बॅटरी गेली समजून नवी टाकली, तरी तेच. शेवटी सॉकेटला मल्टीमीटर लावला तर 128 व्होल्ट. यूपीएसच्या मागच्या स्टिकरवर इनपुट लिहिलेलं 140 ते 300. म्हणजे 140 च्या खाली आलं की त्याच्या हिशेबी लाईट गेलेलीच. तो बॅटरीवर जातो, चार्जिंगही थांबतं, आणि रोज अशी पूर्ण रिकामी झालेली बॅटरी वर्षभरातच बसते. नव्या बॅटरीचे पैसे उगाच गेले.

तेव्हा मीटर एसीवर ठेवून कॉम्प्युटर चालू असताना तीन वेळा बघा: सकाळी, मोटारी चालू असताना आणि मध्यरात्री. आकडा 150 च्या वरच राहत असेल तर लाईन इंटरॅक्टिव्ह प्रकारचा यूपीएस पुरे. त्यात छोटा स्टॅबिलायझर असतोच. ग्राफिक्स कार्ड नसलेला डेस्कटॉप मॉनिटरसकट साधारण 100 ते 150 वॅट घेतो, त्याला 600 व्हीए चालतो. फाईल सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ मिळतो, तासभर काम करायची आशा ठेवू नका. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका, तो तापताना एकदम भार घेतो.

आकडा त्याखाली जात असेल तर यूपीएसच्या आधी स्टॅबिलायझर लावा. भिंतीतून स्टॅबिलायझर, त्यातून यूपीएस, त्यातून कॉम्प्युटर, हाच क्रम. स्टॅबिलायझरची रिले टक्‌कन बदलताना पुरवठा क्षणभर तुटतो, तो झटका मग यूपीएस झेलतो. घेताना 90 व्होल्टपासून काम करणारा मागा आणि 1 केव्हीएचा घ्या. कमी व्होल्टेजला तो लाईनीतून जास्त करंट ओढतो, लहान असला तर तापतो.

मीटरने 280-300 दाखवलं, किंवा एका खोलीतला बल्ब भगभगतोय आणि शेजारच्यांचा त्याच वेळी मंद झालाय असं दिसलं, तर बहुतेक न्यूट्रल ढिला आहे. कॉम्प्युटरचा प्लग काढा आणि दुकानात जायच्या आधी वायरमनला बोलवा.