ड्युरेशन साडेपाच वर्षांचं, पण पैसे येणार पहिल्या आणि दहाव्या वर्षी

प्रश्न: लातूरला राहतो. मुलगी सातवीत आहे, साडेपाच वर्षांनी मेडिकलच्या प्रवेशासाठी 29 लाख लागतील. प्लॉटच्या विक्रीतून आलेले 10 लाख 364 दिवसांच्या ट्रेझरी बिलात (6 टक्के) आणि 10 लाख कंपनीच्या दहा वर्षांच्या झिरो कूपन बाँडमध्ये (8 टक्के) घालायचे ठरवलंय. सरासरी यील्ड, म्हणजे वर्षाचा परतावा, 7 टक्के; ड्युरेशन, म्हणजे पैसे परत यायला लागणारा सरासरी काळ, साडेपाच वर्षं. मग 29 लाख पक्के ना?

उत्तर: पक्के नाहीत. दोन्ही सरासऱ्या तुम्ही बरोबर काढल्या आहेत, कारण आज दोन्हींचं बाजारमूल्य सारखंच, 10 लाख आहे. पुढेही वजन बाजारमूल्याचंच धरा. दर्शनी किंमत, म्हणजे बाँडचे मुदतीअंती मिळणारे 21.59 लाख, धरलीत तर लांब बाँड हिशेबात उगाच जड होईल.

यील्डची सरासरी हा मात्र कामचलाऊ आकडा आहे. दोन्हींचे येणारे पैसे, पहिल्या वर्षी 10.6 लाख आणि दहाव्या वर्षी 21.59 लाख, एकत्र मांडून परतावा काढला तर 7.82 टक्के येतो. लांब बाँडचे पैसे जास्त वर्षं कामाला असतात, म्हणून त्याच्या 8 टक्क्यांचा भार वाढतो. पण 7.82 वरही विसंबू नका. पहिल्या वर्षी सुटलेले 10.6 लाख पुन्हा त्याच दराने गुंतले तरच तो हाती पडतो.

तुमच्या बेतातली खरी कमजोरी इथेच आहे. खरेदीनंतर लगेच दोन्ही दर 1 टक्क्याने चढले आणि तिथेच राहिले, तर बाँडचा भाव पडेल, पण साडेपाच वर्षांनी तो विकताना जितकं गमवाल जवळपास तितकंच बिलाच्या पैशांच्या फेरगुंतवणुकीत कमवाल. साडेपाच वर्षांनी 29.02 लाख मिळतील. दर हललेच नाहीत तर 29.05. ड्युरेशन इथवर साथ देतं. आता दुसरी शक्यता बघा. बिल सुटेल तेव्हा दर पडलेले असले, 10.6 लाख साडेचार वर्षांसाठी 5 टक्क्यांनीच गुंतले, आणि विक्रीच्या वेळी बाँडचं यील्ड 9 टक्के असलं, तर हाती येतील 27.85 लाख. सरासरी ड्युरेशन सगळे दर एकदाच आणि सारखेच हलतात असं धरून चालतं. म्हणून ही सव्वा लाखाच्या आसपासची तूट त्यात दिसत नाही.

कंपनी पैसे बुडवण्याची जोखीमही या सरासऱ्यांत येत नाही. शिवाय असा बाँड मधेच विकताना गिऱ्हाईक कमी मिळतं आणि भाव पाडून मागितला जातो.

फीची तारीख हलणार नाही, म्हणून हा बेत मी बदलेन. बारावीच्या निकालाच्या थोडं आधी मुदत संपणारा सरकारी बाँड शोधा आणि मोठी रक्कम त्यात घाला. विक्रीची गरजच उरत नाही. फेरगुंतवणूक फक्त सहामाही व्याजाची. यील्ड 8 टक्क्यांपेक्षा कमी असेल, त्यामुळे 29 लाखांसाठी दरमहा थोडी वेगळी बचत धरावी लागेल. ती रक्कम बाँडचं यील्ड कळल्यावर आजच ठरवता येते.