लॅगिंग स्ट्रँडचं पॉलिमरेज ‘उलटं’ जातं म्हणजे नक्की काय होतं?

प्रश्न: लीडिंग स्ट्रँड सलग आणि लॅगिंग तुकड्यांनी बनतो, एवढं पाठ आहे. पण पुस्तकात असंही आहे की दोन्ही पॉलिमरेज एकमेकांना जोडलेली असतात आणि फोर्कबरोबरच जातात. मग लॅगिंगवालं उलट्या दिशेने कसं जाईल? आणि ओकाझाकी तुकड्यांत आधीचा कुठला, नंतरचा कुठला, प्रायमर कुठल्या टोकाला, हे आकृतीत माझं दरवेळी चुकतं. (एस. वाय. बी.एस्सी.)

उत्तर:

तुमच्या दोन्ही अडचणी एकाच ठिकाणी सुटतात. आकृतीत फक्त बाण असतात, जागांचे आकडे नसतात, म्हणून गोंधळ होतो. साच्यावर आकडे टाका आणि घड्याळ लावून बघा. उदाहरण ई. कोलायचं घेऊ, कारण तिथला वेग आणि तुकड्यांची लांबी यामुळे हिशेब फार सोपा होतो.

आधी वेग. ई. कोलायचा जीनोम साधारण ४६ लाख बेस-जोड्यांचा. ओरिजिनपासून दोन फोर्क विरुद्ध दिशांना निघतात आणि सुमारे ४० मिनिटांत काम संपवतात. म्हणजे एका फोर्कच्या वाट्याला २३ लाख जोड्या आणि २,४०० सेकंद. भागाकार केला की सेकंदाला हजाराच्या जवळपास आकडा येतो. ओकाझाकी तुकडे १,००० ते २,००० न्यूक्लिओटाइडचे असतात. आपण १,००० धरू. खऱ्या पेशीत प्रायमर इतक्या नेमक्या अंतराने पडत नाहीत, पण समजून घ्यायला हे चालेल.

आता कागदावर आडवी रेघ ओढा. डाव्या टोकाला ओरिजिन, म्हणजे ०. आपला फोर्क उजवीकडे जातोय. नवा डीएनए फक्त ५′→३′ वाढतो आणि साच्याला उलट्या ध्रुवतेने चिकटतो. म्हणून लीडिंगच्या साच्याचं ३′ टोक डावीकडे, आणि लॅगिंगच्या साच्याचं ५′ टोक डावीकडे. आकृती काढताना ही चार टोकं आधी लिहायची आणि मगच एन्झाइमं काढायची. बहुतेक आकृत्या इथेच बिघडतात. हेलिकेज (डीएनए-बी) लॅगिंगच्या साच्याभोवती कड्यासारखं बसतं आणि त्यावरून ५′→३′ सरकतं, म्हणजे आपल्या रेघेवर उजवीकडे. प्रायमेज या हेलिकेजपाशीच येऊन काम करतं, त्यामुळे लॅगिंगचा नवा प्रायमर नेहमी फोर्कपाशीच पडतो.

घड्याळ सुरू करा. पहिल्या सेकंदाअखेर फोर्क १,००० वर आहे. लीडिंग स्ट्रँड ० पासून सलग १,००० पर्यंत आलाय. लॅगिंगच्या बाजूला ० ते १,००० साचा उघडा झालाय, पण त्यावर अजून काहीच नाही. आता १,००० वर सुमारे १० ते १२ न्यूक्लिओटाइडचा आरएनए प्रायमर पडतो. तिथून पहिला तुकडा डावीकडे, ० च्या दिशेने वाढतो. दुसऱ्या सेकंदाअखेर तो ० ला पोचतो, पण तोवर फोर्क २,००० वर गेलेला असतो. तिथे नवा प्रायमर पडतो आणि दुसरा तुकडा २,००० पासून मागे १,००० कडे निघतो.

आता अडीच सेकंदांवर घड्याळ थांबवा. फोर्क २,५०० वर. लीडिंगचं ३′ टोक तिथेच, त्याच्या मागोमाग. पहिला तुकडा १,००० पासून ० पर्यंत पूर्ण. दुसऱ्या तुकड्याचं ५′ टोक, प्रायमरसकट, २,००० वर, आणि वाढणारं ३′ टोक १,५०० वर. साचा दोन ठिकाणी एकेरी उरलाय: १,००० ते १,५००, जिथे पॉलिमरेज अजून पोचायचंय, आणि २,००० ते २,५००, जो फोर्कने नुकताच उघडलाय. दोन्ही मिळून १,००० न्यूक्लिओटाइड. सव्वादोन किंवा पावणेतीन सेकंदांना मोजलंत तरी बेरीज तेवढीच येईल. पॉलिमरेज एकीकडे भरतं तेवढंच हेलिकेज दुसरीकडे उघडतं. हा एकेरी भाग एसएसबी प्रथिनाने झाकलेला असतो, नाहीतर तो स्वतःवरच दुमडून जोड्या जमवेल आणि न्यूक्लिएजच्या तोंडी जाईल.

क्रमाचा प्रश्न इथेच सुटला. फोर्कच्या सर्वांत जवळचा तुकडा सर्वांत नवा, ओरिजिनजवळचा सर्वांत जुना. प्रत्येक तुकड्याचा प्रायमर त्याच्या ५′ टोकाला, म्हणजे फोर्ककडच्या टोकाला.

आता तुमची मुख्य शंका. अडीच सेकंदांना लॅगिंगचं पॉलिमरेज १,५०० वर काम करतंय आणि फोर्क २,५०० वर आहे. रेघ सरळ असेल तर दोघांत हजाराचं अंतर पडेल. पण पेशीत ही रेघ सरळ नसते. १,५०० ते २,५०० हा भाग वेढा होऊन बाहेर लोंबतो, आणि त्यामुळे १,५०० ची जागा फोर्कला चिकटलेल्या पॉलिमरेजपाशीच येते. पॉलिमरेज मागे धावत नाही. ते मशीनला बांधलेलं राहतं आणि साचा त्यातून ओढला जातो. ‘दिशा उलटी’ हे साच्यावरच्या आकड्यांच्या क्रमाबद्दल आहे, पेशीतल्या हालचालीबद्दल नाही. एवढं पक्कं केलंत की पुस्तकातली दोन्ही वाक्यं एकमेकांशी जुळतात.

वेढ्यात डीएनए दोन्ही बाजूंनी येतो. हेलिकेजकडून नुकताच उघडलेला एकेरी, पॉलिमरेजकडून नुकताच भरलेला दुहेरी. प्रत्येकी सेकंदाला हजार, म्हणून वेढा सेकंदाला दोन हजारांनी वाढतो. तुकडा संपला की पॉलिमरेज सुटतं, वेढा मोकळा होतो, आणि फोर्कपाशी नवा प्रायमर धरून नवा वेढा सुरू होतो. ट्रॉम्बोन वाद्याची नळी अशीच लांब होऊन परत आत येते, म्हणून ब्रूस अल्बर्ट्स यांच्या या कल्पनेला ट्रॉम्बोन मॉडेल म्हणतात.

सुटायचं कसं, हेही बघण्यासारखं आहे. एरवी पॉलिमरेज-३ डीएनएवरून सहजी पडत नाही, कारण बीटा क्लॅम्प नावाचं कडं डीएनएभोवती बसून त्याला धरून ठेवतं. मग दर एक-दोन सेकंदांनी ते सुटणार कसं? पॉलिमरेज मागच्या तुकड्याला भिडलं की क्लॅम्पवरची पकड सोडतं, आणि क्लॅम्प तिथेच राहतो. नव्या प्रायमरवर क्लॅम्प लोडर एटीपी वापरून दुसरा क्लॅम्प आधीच चढवून ठेवतो. लीडिंगला एकच क्लॅम्प खूप लांबपर्यंत पुरतो, लॅगिंगला दर तुकड्याला नवा लागतो. एका फोर्कच्या वाट्याला असे साधारण १,२०० ते २,३०० तुकडे येतात. म्हणून ‘लॅगिंगचं एन्झाइम हळू असतं’ असं उत्तरात लिहू नका. ई. कोलायमध्ये दोन्हीकडे तेच पॉलिमरेज-३ त्याच सुमाराच्या वेगाने चालतं. लॅगिंग मागे राहतो तो प्रायमरची वाट बघावी लागते म्हणून. (एकेका रेणूवरच्या प्रयोगांत फोर्कवरचं पॉलिमरेज अधूनमधून बदललेलंही दिसतं, तेव्हा ‘बांधलेलं’ याचा अर्थ कायमचं जखडलेलं असा नको.)

मागे उरलं सांधायचं काम. तिसऱ्या सेकंदाअखेर दुसऱ्या तुकड्याचं ३′ टोक १,००० वर पोचतं, आणि तिथे पहिल्या तुकड्याचा प्रायमर उभा असतो. पॉलिमरेज-३ कडे ५′→३′ एक्झोन्यूक्लिएज नाही, त्यामुळे ते हा आरएनए काढू शकत नाही. इथे पॉलिमरेज-१ येतं. ते नव्या तुकड्याचं ३′ टोक वाढवत जुन्या तुकड्याचा आरएनए पुढून काढत जातं. ‘नव्या’ आणि ‘जुन्या’ हे शब्द मुद्दाम वापरलेत, कारण विद्यार्थी सर्रास असं लिहितात की तुकडा स्वतःचाच प्रायमर काढून ती जागा भरतो. तसं होऊच शकत नाही: प्रायमर ५′ टोकाला आहे आणि भरायला ३′ हायड्रॉक्सिल लागतो, तो शेजारच्या तुकड्याकडूनच मिळतो. आरएनए संपला की एक नुसती चीर उरते. तिच्या एका बाजूला ३′ हायड्रॉक्सिल आणि दुसऱ्या बाजूला ५′ फॉस्फेट, दोन्ही डीएनएचेच. ती लायगेज जोडतं. जीवाणूंच्या लायगेजला त्यासाठी एनएडी लागतं, आपल्या पेशींतल्याला एटीपी.

आणि पहिल्या तुकड्याचं ३′ टोक ० वर पोचून कशाला जोडलं जातं? डावीकडे गेलेल्या फोर्कच्या लीडिंग स्ट्रँडला. म्हणजे एकाच साच्याच्या उजव्या भागावर लॅगिंग बनतो आणि डाव्या भागावर लीडिंग. ‘हा साचा लीडिंगचा’ असं पूर्ण गुणसूत्रासाठी म्हणता येत नाही. कुठल्या फोर्कबद्दल बोलतोय ते आधी सांगावं लागतं.

बिघाडाचा प्रश्न परीक्षेत हमखास येतो: लायगेज बंद पडलं तर? फोर्क लगेच थांबत नाही, तुकडे बनत राहतात, फक्त जोडले जात नाहीत. पाहायची पद्धत १९६८ च्या सुमाराला नागोयात रेजी आणि त्सुनेको ओकाझाकी यांनी वापरली तीच. ट्रिशियम लावलेलं थायमिडीन काही सेकंदच द्यायचं, डीएनए काढायचा आणि अल्कधर्मी सुक्रोज ग्रेडियंटवर फिरवायचा. अल्कलीत दोन्ही धागे सुटे होतात, त्यामुळे न जोडलेले छोटे तुकडे वरच राहतात आणि लांब धागे खाली जातात. लायगेज चांगलं असेल तर थोडा वेळ गेल्यावर किरणोत्सार खालच्या भागात सरकतो. तापमान-संवेदी लायगेज असलेल्या टी-४ फाजमध्ये तापमान वाढवलं की तो वरच अडकून राहतो.

या प्रयोगाचा एक निकाल मात्र जपून वाचा. निम्मं लेबल लहान तुकड्यांत आणि निम्मं लांब धाग्यात दिसायला हवं, पण बऱ्याचदा जवळपास सगळंच लहान तुकड्यांत दिसलं. त्यामुळे लीडिंगही तुकड्यांनीच बनतो का, अशी शंका आली. याचं एक कारण नंतर कळलं: थायमिनऐवजी कधीकधी युरासिल बसतो, दुरुस्ती यंत्रणा तो काढताना धागा तुटतो, आणि सलग बनलेला लीडिंगही तुकड्यांसारखा दिसतो. म्हणजे लहान तुकडा दिसला की तो ओकाझाकी तुकडाच असं धरू नका. ५′ टोकाला आरएनए आहे का, हे तपासावं लागतं.

ही आकृती युकॅरियोटसाठी वापरायची असेल तर तीन बदल करा. तुकडे १०० ते २०० न्यूक्लिओटाइडचे घ्या. लीडिंगवर पॉलिमरेज एप्सिलॉन आणि लॅगिंगवर डेल्टा लिहा. आणि हेलिकेज लीडिंगच्या साच्यावर काढा, कारण तिथलं सीएमजी हेलिकेज ३′→५′ सरकतं. जीवाणूंची आकृती जशीच्या तशी उतरवली की बहुधा हा तिसरा बदल राहून जातो.