त्या अकरा जणांसमोर

अगं,

टीम मीटिंगमध्ये तक्त्यातल्या आकड्यांच्या चुकीवरून सिनिअरनी सगळ्यांसमोर तुझा पाणउतारा केला, तो तुझा मेसेज सकाळी उठल्यावर वाचला. पाठवल्याची वेळ रात्री पावणेदोनची, म्हणजे झोपेचं खोबरं झालेलंच दिसतंय. एक गंमत सांगू, तू सिनिअर काय बोलले ते एकदाच लिहिलंयस आणि "सगळ्यांसमोर" हा शब्द सहा वेळा. मी मोजले. म्हणून मी पण सिनिअरबद्दल शेवटी बोलणारे, आधी त्या "सगळ्यां"बद्दल.

माझं सांगते. नोकरीला दोनेक वर्षं झाली असतील, रिव्ह्यू मीटिंग होती, मी धरून बारा माणसं. माझ्या रिपोर्टच्या एका तक्त्यात मागच्या महिन्याचे आकडे तसेच राहून गेले होते, चूक माझीच, त्यात वाद नाही. सिनिअरनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, "हे पाठवताना लाज नाही वाटली? की कुणी बघतच नाही असं वाटलं?" आणि मग गप्प बसले, आठ-दहा सेकंद असतील. बोलण्यापेक्षा ते गप्प बसणं जास्त लागलं. समोर कुणाचं तरी पेन पडलेलं, त्याच्या टोपणावर दात लावल्याचे व्रण होते, ते मला आजही दिसतात, पण पुढची वीस मिनिटं मीटिंगमध्ये काय झालं विचारशील तर काहीच आठवत नाही.

त्यानंतर मी जे केलं ते तू करू नकोस म्हणून हे पत्र. मी दिसेनाशी झाले. मीटिंगला बरोबर वेळेवर जायचं, आधी नाही, म्हणजे गप्पा नकोत. दाराजवळची खुर्ची. कुणी विचारलं तरच बोलायचं, तेही दोन शब्द. मला वाटायचं मी स्वतःला सांभाळतेय. तीन महिने गेले असे आणि जखम तेवढीच ओली, कारण त्या अकरा जणांच्या डोळ्यांसमोर मी शेवटची नीट आले ती मान खाली घातलेली, आणि माझ्याही डोक्यात ते अकरा जण तसेच टेबलाभोवती गोठून बसलेले. मधे नवीन काही घडूच दिलं नाही मी, मग जुनं पुसणार कशाने?

केबिनमध्ये बोलावून झापलं असतं तर राग आला असता, रडू आलं असतं, पण दोन दिवसांत आपण कामाला लागलो असतो, कारण तिथे बोलणं कामावर असतं. चारचौघांत पाणउतारा झाला की मन लगेच हिशोब मांडतं, की आता ह्या अकरा जणांच्या नजरेत मी कोण? आणि त्या वेळी कुणीच काही बोललं नाही हे आपण पुरावा म्हणून धरतो. गप्प बसले म्हणजे त्यांना पटलं.

हाच पुरावा खोटा असतो, बहुतेक वेळा तरी. अशा खोलीत प्रत्येक जण घाबरलेला असतो की आता आपला नंबर, आणि प्रत्येक जण दुसऱ्याचा गप्प चेहरा बघून समजतो की बाकीच्यांना हे चालतंय वाटतं, मग मीच कशाला तोंड उघडू. सगळे मनातून चडफडतायत आणि सगळे गप्प. तुला दिसतो फक्त गप्पपणा.

सावित्स्की, एपली आणि गिलोविच म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी 2001 मध्ये ह्याच विषयावर प्रयोग छापले होते, की आपली चारचौघांत फजिती झाली की लोक आपल्याबद्दल किती वाईट मत करून घेतात. निघालं असं की ज्याची फजिती झाली तो जेवढं वाईट धरून चालतो त्याच्या मानाने बघणारे बरेच सौम्य असतात. कारण आपल्याला तो एकच क्षण दिसत असतो आणि बघणाऱ्याला आपल्याबद्दल बाकीचंही माहीत असतं. त्यांनी पाहिलं नाही असं मी म्हणत नाहीये हां, पाहिलं तर आहेच. पण त्यावरून त्यांनी काय ठरवलं हे तू स्वतःच्या मनाने लिहून टाकलंयस.

तर आता काय करायचं. आधी चूक आणि अपमान ह्यांचे दोन वेगळे हिशोब कर. चूक उद्याच मिटव. फाइल दुरुस्त कर आणि ग्रुपवर एक ओळ टाक, "तक्ता दुरुस्त केलाय, नवीन फाइल टाकली आहे." बस. तीन वेळा सॉरी नको, कारण नको, मी किती थकले होते हे तर अजिबात नको. लांबलचक माफीनामा लिहिलास की जे लोक विसरायला लागलेत त्यांना तूच परत आठवण करून देतेस.

अपमानाला वेळ लागतो. त्यासाठी लिहायचं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर ह्यांनी 1986 मध्ये विद्यार्थ्यांवर हा प्रयोग केला, रोज 15 मिनिटं, सलग 4 दिवस, जे मनाला लागलंय त्यावर लिहायचं, घडलेलं पण आणि त्यावेळी वाटलेलं पण. नुसतं घडलेलं लिहून किंवा नुसती भडास काढून तेवढं साधत नाही, दोन्ही एकत्र लागतं. आजच सुरू करू नकोस, अजून हात थरथरतायत तुझे, दोन-तीन दिवस जाऊ दे. मग टायमर लाव आणि हाताने लिही, कुणी वाचणार नाहीये, शुद्धलेखन गेलं खड्ड्यात. पहिल्या दिवशी आधी फक्त भिंतीवरच्या कॅमेऱ्याला जे दिसलं आणि ऐकू आलं असतं तेवढंच लिही, नेमके शब्द, कोण कुठे बसलं होतं. "सगळ्यांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं" हे कॅमेऱ्यात येत नाही बघ. "दोघांनी खाली पाहिलं, एक जण फोनमध्ये होता" हे येतं. ते झालं की मग तुला काय वाटलं ते.

लिहून उठल्यावर तुला आणखी जड वाटेल, घाबरून सोडून देऊ नकोस, तासा-दोन तासांत ते उतरतं. फक्त झोपायच्या आधी लिहू नकोस. लागू पडतंय की नाही हे कसं ओळखायचं, तर चौथ्या दिवसाचं पान पहिल्याशी ताडून बघ. "कारण", "आत्ता कळलं", "म्हणजे मला खरं तर" असे शब्द वाढले असतील तर गाडी पुढे सरकतेय. तीच चार वाक्यं रोज तशीच्या तशी उतरत असतील तर ते लिहिणं नाही, उगाळणं झालं, बंद कर आणि कुणाशी तरी बोल.

बोलण्याचंही तेच. मैत्रिणींना फोन करकरून "काय माणूस आहे यार" करत राहिलीस तर त्या वेळी बरं वाटेल पण राग उतरणार नाही, उलट तापत राहील (हे मी अनुभवाने सांगते, एका मैत्रिणीबरोबर मी महिनाभर हेच केलं, शेवटी तिलाच माझ्या सिनिअरचा माझ्यापेक्षा जास्त राग यायला लागला). त्यापेक्षा त्या खोलीत जे होते त्यांच्यातल्या एकाशी बोल. एकाशीच, ज्याच्याशी तुझं बऱ्यापैकी जमतं त्याच्याशी. आणि "तुला काय वाटलं माझ्याबद्दल" असं विचारू नकोस, समोरचा धीर द्यायला काहीतरी गोड बोलेल आणि तुझा विश्वास बसणार नाही. असं विचार, "त्या दिवशी मला नंतर काही ऐकूच आलं नाही, पुढे काय ठरलं होतं?" साधा कामाचा प्रश्न. बाकीचं आपोआप निघतं.

मी तीन महिन्यांनी विचारला हा प्रश्न, समोरच बसलेल्या एका सहकाऱ्याला. तो म्हणाला, "पुढचं मलाही आठवत नाही गं, मी टेबलाखाली माझी शीट तपासत होतो, माझ्यातही मागच्याच महिन्याचे आकडे होते." तीन महिने मी ह्या माणसाला तोंड चुकवत होते! मला वाटायचं तो मला मूर्ख समजतो. तो बिचारा स्वतःच्या जिवाला घाबरून बसला होता.

एखादा खरंच हसणारा पण निघेल, नाही असं नाही. पण तो एक असेल, अकरा नाही, आणि एकाला सोसता येतं.

आता सिनिअर. लगेच जाऊ नकोस, आवाज न कापता बोलता येईल तेव्हा जा, एकटी, आणि दोन-तीन वाक्यांच्या पुढे जाऊ नकोस. "आकड्यांची चूक माझी होती, ती दुरुस्त केली. पण सगळ्यांसमोर तसं बोललात त्यामुळे पुढचं मला काही ऐकू आलं नाही. पुढच्या वेळी मला बाजूला घेऊन सांगाल का?" एवढंच. सॉरी म्हणतील ही आशा घरीच ठेवून जा. माझे म्हणाले, "अगं ते एवढं मनावर नसतं घ्यायचं," आणि फोन उचलला. मी बाहेर आले तेव्हा हात गार पडले होते, पण माझं वाक्य माझ्या तोंडून पूर्ण निघालं होतं आणि त्या रात्री मी झोपले. माणूस सूड धरणारा असेल, तुझं पुढचं सगळं त्याच्याच हातात असेल, तर हे बोलणं टाळलंस तरी माझी काही हरकत नाही. तुझं बरं होणं त्याच्या केबिनमध्ये अडकवून ठेवू नकोस.

आणि हेच परत परत व्हायला लागलं, तुझ्याशी किंवा दुसऱ्या कुणाशी, तर मग मन सावरत बसायचं नाही. तारीख, कोण होतं, नेमके शब्द, त्याच दिवशी लिहून ठेवायचं आणि वर किंवा एचआरकडे न्यायचं, नाहीतर दुसरी जागा बघायची. तसंच दोन आठवडे उलटले तरी झोप येत नसेल, ऑफिसचं दार दिसलं की छातीत धडधडत असेल, तर सरळ काउन्सेलरकडे जा, माझ्या पत्रांवर भागवू नकोस.

तुझी पुढची टीम मीटिंग बुधवारी आहे म्हणालीस. पाच मिनिटं आधी जा, दाराजवळ बसू नकोस, आणि पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी बोल. हुशारीचं नको, "ही तारीख पंधरा की सोळा?" एवढंही चालेल. जेवढा उशीर करशील तेवढं पहिलं वाक्य जड होत जातं, शेवटी निघतच नाही. आवाज थोडा कापेल तुझा. तुला तो भूकंपासारखा वाटेल, त्यांच्यातल्या निम्म्यांना कळणारही नाही.

झालं की मेसेज कर. रात्री पावणेदोनला नको मात्र.

तुझी ताई