ताणा रेशमाचा असेल, बाण्याचं काय?

प्रश्न: हातमागाची पैठणी दाखवताना दुकानदार "ताणा प्युअर सिल्कचा आहे" म्हणाला आणि एक धागा जाळूनही दाखवला. ताणा-बाणा म्हणजे नेमकं काय? आणि विकत घेणाऱ्याला त्याने काय फरक पडतो?

उत्तर:

फरक पडतो. आणि त्याने तुम्हाला अर्धीच साडी दाखवली.

ताणा म्हणजे मागावर आधीच ताणून बांधलेले, साडीच्या लांबीत जाणारे उभे धागे. बाणा म्हणजे विणकर धोट्यातून या काठापासून त्या काठापर्यंत सोडतो तो आडवा धागा. पदराच्या टोकाला लोंबणाऱ्या दशा म्हणजे ताण्याचीच टोकं. त्यामुळे दुकानात जाळून दाखवायला तोच धागा हाताशी असतो. केस जळल्यासारखा वास आला, राख बोटांत चुरली, की गिऱ्हाईक खूश. पण त्या धाग्याने फक्त ताण्याची साक्ष दिली. आडवा धागा सुती आहे की पॉलिस्टर, ते कळलंच नाही.

म्हणून बाण्याचा धागा वेगळा मागा. पदराच्या टोकाचा नको, पैठणीच्या पदरात बाणा जरीचा असतो. आपण खोचतो त्या टोकाला शेवटचा आडवा धागा सुईने सोडवला की बोटभर तुकडा सहज निघतो. तो जळून आकसला आणि टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर समजा. कागद जळल्याचा वास आला तर सूत, नाहीतर व्हिस्कोस. वासावरून या दोघांत फरक करता येत नाही. रेशमी ताणा आणि सुती बाणा ही काही लबाडी नव्हे. महेश्वरी, चंदेरी अशाच विणतात, आपल्याकडे दुकानात अशा मालाला सिको म्हणतात. फक्त सिकोला पूर्ण रेशमाचे पैसे देऊ नका.

आता काठाबद्दल, कारण माझं खरं दुखणं तिथे आहे.

माझे वडील येवल्यात माग चालवायचे. धाकट्या बहिणीच्या लग्नात त्यांनी स्वतः विणलेली पैठणी तिला दिली. ताणा हिरवा, बाणा जांभळा. समोरून हिरवी दिसायची आणि चुणी पडली की जांभळी. बहिणीच्या चुलत सासूबाईंनी मांडवातच काठ हातात धरून उजेडाकडे केला आणि चार बायकांसमोर म्हणाल्या, "जरीला जांभळट झाक मारतेय. काठ काळपटलाय, पडून राहिलेला माल दिसतोय." वडील हसले आणि पंगतीचं बघायला निघून गेले. मी मात्र हसू शकलो नाही, आणि आमचे मेहुणे आजही दिवाळीला विषय काढतात की खरी पैठणी म्हणजे काठ कसा लखलखीत वेगळा उठून दिसला पाहिजे.

मेहुणे, आता नीट वाचा. ती साडी एकधोटी होती. म्हणजे बाण्याला एकच धोटा. तो एका काठाच्या टोकापासून निघतो, काठातून जातो, अंगातून जातो आणि दुसऱ्या काठाच्या टोकाला पोहोचून परत फिरतो. काठातली जर उभी, ताण्यात भरलेली. तिला आडवं बांधणारा धागा मात्र अंगाचाच, म्हणजे आमच्या साडीत जांभळा. दोन जरींच्या मधून तो डोकावणारच. त्याला डाग म्हणणं म्हणजे डाळीत हळद दिसते म्हणून डाळ खराब म्हणण्यासारखं आहे. ती झाक विटण्याची नव्हती, विणीची होती. विटलेली जर ठिकठिकाणी कमीजास्त काळवंडते, घडीवर वेगळी आणि आत वेगळी दिसते. एकधोटीची झाक पदरापासून खोचायच्या टोकापर्यंत अगदी एकसारखी असते.

तुम्ही म्हणता तो लखलखीत काठ कडियल साडीचा. तिथे तीन धोटे लागतात: अंगाला एक आणि दोन्ही काठांना एकेक. काठाचा बाणा काठाच्याच रंगाचा असतो, तो अंगात शिरतच नाही. काठ आणि अंग यांच्या शिवेवर दोन्ही बाणे एकमेकांत अडकतात आणि आपापल्या घरी परत फिरतात. ही अडकवण प्रत्येक ओळीला, दोन्ही बाजूंना करावी लागते. त्यामुळे काम रेंगाळतं आणि साडी महाग पडते. महाग आहे, देखणी आहे, मान्य. पण त्यामुळे एकधोटी खोटी ठरत नाही. दोन्ही हातमागाच्याच, दोन्ही पैठण्याच.

दुकानात हे ओळखायला चष्मा पुरतो. साडी उलटी करा आणि काठ जिथे अंगाला लागतो ती शीव बघा. कडियलमध्ये तिथे दोन रंगांचे आडवे धागे एकमेकांना आकड्यासारखे धरून वळलेले दिसतात, नखाला बारीक कणी लागते. एकधोटीत आडवा धागा शीव ओलांडून सरळ काठात जातो. दुकानदार कडियलचा भाव सांगत असेल आणि शिवेवर धागा सरळ निघून जात असेल, तर तिथेच बोला.

ताणा-बाणा कळण्याचा आणखी एक उपयोग ऑर्डर देताना होतो. बाण्याचा रंग बदलायचा तर विणकर धोट्यातली कांडी बदलतो, काम झालं. ताणा मात्र एकदा चढवला की त्यातून लागोपाठ साड्या निघतात. तो रंग बदलायचा तर नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याला जोडत बसावं लागतं, आणि असे धागे हजारोंनी असतात. तेव्हा "हीच साडी, पण बाणा मोरपंखी करा" म्हणालात तर विणकर हो म्हणेल. "हिरव्याऐवजी लाल ताणा" म्हणालात तर थांबावं लागेल, नाहीतर जास्त पैसे मोजावे लागतील. तो अडून बसलाय असं समजू नका. दोन रंगांची साडी फोटोवरून घेत असाल तर चुण्या हलवून काढलेला व्हिडिओ मागा. फोटोत एका वेळी एकच रंग वर येतो, आणि घरी पार्सल उघडल्यावर "हा रंग नव्हताच" अशी भांडणं होतात.

राहता राहिल्या सावधगिऱ्या, आधीच सांगायला हव्या होत्या. दुकानदाराला विचारल्याशिवाय धागा ओढू नका, आणि जाळायचाच तर साडीपासून लांब, चिमट्यात धरून. साडीला लागूनच ब्लाउजपीस विणलेला असेल तर खोचायच्या टोकाचा धागा ब्लाउजपीसचा निघतो आणि त्याचा बाणा अंगापेक्षा वेगळा असू शकतो, तेव्हा अंगाचा रंग जुळतो का ते आधी बघा. शिवाय ताणा-बाणा दोन्ही रेशमाचे निघाले तरी साडी हातमागाची आहे हे सिद्ध होत नाही. यंत्रमागावरही रेशीम विणतात, त्यासाठी हँडलूम मार्कचं लेबल वेगळं बघावं लागतं. जरीचा खरेपणा हा तर तिसराच विषय, तो या दोन्ही धाग्यांवरून कळत नाही.