फुटेज मागण्याआधी ते जपायला सांगा

चौकातल्या अपघाताचं सीसीटीव्ही फुटेज मागणाऱ्या अर्जाचा तुमचा मसुदा वाचला. अपघाताची हकिकत दीड पान झाली आहे, आणि मूळ मागणी शेवटच्या ओळीत. उलट करा. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणीची जागा भरली की आपोआप पुसलं जातं. काही ठिकाणी आठवड्याभरात, काही ठिकाणी महिन्याने. म्हणून पहिलं वाक्य हेच हवं: "खालील वेळेचे चित्रण अर्जाचा निर्णय होईपर्यंत जतन करून ठेवावे." प्रत द्यायची की नाही हे ठरायला वेळ लागतो, तोवर ते पुसलं गेलं तर होकाराचाही उपयोग नाही.

"संध्याकाळी सहाच्या सुमारास" एवढ्यावर कोणी शोधत बसत नाही. तुम्ही ६:१२ ला घरी फोन केलात ना? मग ५:५५ ते ६:२० मागा. कॅमेऱ्याचं घड्याळ दोन-चार मिनिटं पुढे-मागे असू शकतं. चौकात चार कॅमेरे असतील तर तुमची स्कूटर कुठून कुठे चालली होती, कार कोणत्या बाजूने वळली, ते लिहा. खांबावर क्रमांक असेल तर तोही टाका.

चूक कोणाची, हे या पत्रात नको. तो वाद विमा कंपनीशी किंवा पोलिसांशी.

प्रत मूळ फाइलच्या रूपात, तारीख-वेळ दिसेल अशी मागा. इतरांचे चेहरे दिसतात म्हणून थेट तुम्हाला नाकारतीलही. तेव्हा "पोलिसांनी मागितल्यास त्यांना द्यावे" हे आधीच लिहून ठेवा.

आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मी एकदा सोडली होती.